एकच व्यक्ती असल्याचं ॲफिडेव्हिट केलं, आणि मीच दोन नावांचं एक नाव करून ठेवलं

टायपिंगवाला_खानापूर

मंडळी, चूक माझीच आहे, त्यामुळं बोलणी खायची तयारी ठेवूनच लिहितोय. खानापुरात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. ॲफिडेव्हिट, मुखत्यारपत्र, संमतीपत्र असलं सगळं मराठीत टाइप करतो, कन्नडसाठी शेजारचा पोरगा आहे.

गेल्या आठवड्यात एक शेतकरी आले. नाव बदलून सांगतो, मारुती पाटील धरा. त्यांच्या वडिलांचं नाव पहाणी उताऱ्यात 'परशराम' आहे आणि आधार व शाळेच्या दाखल्यावर 'परशुराम'. वारसा लावायला गेले तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं ॲफिडेव्हिट आणा म्हणाले. नेहमीचं काम. मी तिसऱ्या कलमात दोन्ही नावं लिहिली, प्रिंट काढायच्या आधी एकदा वाचलं, आणि वर नावगावाच्या ओळीत 'परशराम' दिसलं. मला वाटलं उकार राहिला. Replace All मारलं, सगळीकडं 'परशुराम' झालं. तिसरं कलम आता असं आहे:

"माझ्या वडिलांचे नाव पहाणी उताऱ्यात परशुराम असे नोंद असून आधार कार्डावर परशुराम असे आहे. सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत."

मी नाही वाचलं, मारुतीअण्णांनी नाही वाचलं, नोटरींनीही सही-शिक्का दिला. खिडकीवरच्या क्लार्कनं वाचलं आणि हसून कागद परत दिला. म्हणाला, "ह्यात भांडण कुठाय?"

आता विचारायचं असं, की तोच कागद हातानं दुरुस्त करून चालेल काय? ई-स्टँपचे पैसे मी भरेन, पण अण्णांना गावाहून परत बोलवायचं म्हणजे त्यांचा एक दिवस मोडतो. शिवाय त्यांचा धाकटा भाऊ पुण्यात आहे, तो ह्यांना मुखत्यारपत्र देणार आहे. त्याचा मसुदा माझ्याकडंच आलाय. त्यातही घोळ नको.

---

जुना_बाँडरायटर

त्यात काय एवढं. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. वर बरोबर शब्द लिहायचा. समासात करून देणाऱ्याची छोटी सही, शेजारी नोटरीची छोटी सही आणि शिक्का. शेवटी एक ओळ: 'पान १ वर एक शब्द खोडून एक शब्द भरला आहे.' पस्तीस वर्षं हेच करत आलोय. व्हाइटनर मात्र लावू नका, ब्लेडनं खरवडू तर मुळीच नका. नोंदणी कायद्याच्या कलम २० मध्येच आहे, खाडाखोडीवर करून देणाऱ्याची सही असली की चालतं.

---

कोर्टाची_पायरी

बाँडरायटर अण्णा, रेघ कशी मारायची ते तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत. पण ती सही व्हायच्या आधीची गोष्ट. शपथ घेऊन झाली की नाही.

ॲफिडेव्हिट म्हणजे त्या माणसानं त्या दिवशी नोटरीसमोर शपथेवर काय सांगितलं त्याचा कागद. नोटरीच्या रजिस्टरात त्या तारखेला, त्या अनुक्रमांकाला त्याची नोंद झालेली असते. आठ दिवसांनी त्यातला शब्द बदलला तर शपथ घेतलेला मजकूर एक आणि कागदावरचा दुसराच होतो. नोटरीनं शेजारी आज सही केली तर ती कुठल्या दिवसाची धरायची? उलट बाजूचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. कलम २० सबरजिस्ट्रारकडं नोंदणीला येणाऱ्या दस्तांसाठी आहे, आणि तिथंही 'चालतंच' असं नाही. खाडाखोडीवर करून देणाऱ्यांच्या सह्या नसतील तर अधिकारी दस्त नाकारू शकतो, एवढं ते कलम म्हणतं. सह्या असल्या तर खाडाखोडीची टीप त्याला रजिस्टरात ठेवावी लागते.

टायपिंगवाले, तुमच्या बाबतीत नवा स्टँप, नवा मजकूर, नवी शपथ. अण्णांना यावंच लागेल. जुना कागद कुठल्या ऑफिसात दाखल झाला नसेल तर फाइलमध्ये ठेवून द्या. दाखल झाला असेल तर नव्यात एक वाक्य टाका, की अमुक तारखेच्या प्रतिज्ञापत्रात कलम ३ मध्ये टंकलेखनात चूक झाल्याने हे नव्याने करीत आहे.

---

टिळकवाडी_ते_शहापूर

माझापण असाच प्रॉब्लेम आहे. माझ्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, ते ऑनलाइन होतं काय? आणि कागदात बेळगाव लिहायचं की बेळगावी? आमच्याकडं एका बाँडरायटरनं 'बेळगांव' लिहिलं, अनुस्वारासकट. मी म्हटलं आता तेपण बदलून घ्यायचं काय?

---

कोर्टाची_पायरी

आधारचं इथं नको, वेगळा धागा काढा.

बेळगावचं थोडक्यात सांगते. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे. आज राहता तो पत्ता पुराव्यावर जसा आहे तसा लिहा. पण १९७० सालच्या खरेदीपत्राचा उल्लेख करताना त्या दस्तात 'बेळगांव' असेल तर 'बेळगांव'च राहू द्या, अनुस्वारासकट. जुन्या दस्ताचा उल्लेख म्हणजे त्याची नक्कल. नक्कल करताना शुद्धलेखन तपासत बसायचं नसतं.

---

मोडीचं_वेड

वरच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून दोन नमस्कार. मी मोडी लिप्यंतरं करून देतो, खानापूर-चंदगड भागातले बरेच कागद हाताखालून गेलेत. इथं नावांचा घोळ कुठून येतो ते सांगतो, म्हणजे कुठली चूक खरी आणि कुठली नुसती दिसणारी ते कळेल.

मोडीत ह्रस्व-दीर्घ वेगळं लिहायची पद्धतच नाही. इकाराला एकच खूण, उकाराला एकच. मूळ कागदात 'मारुति' आहे की 'मारुती' हे मोडीवरून कुणालाच सांगता येत नाही, लिप्यंतर करणारा आपल्या मनानं लिहितो. मीही तेच करतो. तेव्हा लिप्यंतरातल्या वेलांटीवर बोट ठेवून 'मूळ दस्तात असं नाव आहे' म्हणणाऱ्याला मूळ दस्त दाखवा, गप्प बसतो.

नंतर देवनागरी आली. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. म्हणून १९५५ च्या कागदात 'मारुति', 'नांव', 'बेळगांव' दिसतं आणि १९७५ च्या कागदात 'मारुती', 'नाव', 'बेळगाव'. दोन्ही आपापल्या काळात बरोबर. त्यावर कन्नड. कन्नडमध्ये ह्रस्व-दीर्घ काटेकोर पाळतात आणि 'मारुति' शेवटी ह्रस्वच लिहितात. म्हणजे कन्नड पहाणी आणि तुमचं मराठी ॲफिडेव्हिट ह्यांत फरक दिसणारच, आणि दोघांपैकी कुणीच चुकलेलं नसतं.

तसंच 'बाई'चं. कन्नडमध्ये ते 'बायि' असं लिहितात. ते परत मराठीत आणताना कुणीतरी 'लक्ष्मीबायी' करतो. असले तीन कागद माझ्याकडं पडलेत.

'परशराम'ची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथं 'श'ला उकार आहे की नाही हा प्रश्न आहे. तो तोंडानं म्हणतानाही वेगळा ऐकू येतो आणि मोडीतही दिसतो. बेळगाव भागात परशराम हे धडधडीत स्वतंत्र नाव म्हणून चालतं. ती चूक म्हणून दुरुस्त करायची कुणी सांगितली होती?

---

टायपिंगवाला_खानापूर

कुणी नाही, माझ्या मास्तरांनी लावलेली सवय. 'परशुराम' सोडून दुसरं काही दिसलं की हात आपोआप जातो.

मग असं विचारतो. अण्णांचं स्वतःचं नाव पहाणीवर 'मारुति' आणि आधारवर 'मारुती' आहे. ह्याचंपण 'ऊर्फ' करून कलम टाकू काय? आणि 'पाटिल'-'पाटील'?

---

कोर्टाची_पायरी

माझं मत, नको. नुसता ह्रस्व-दीर्घाचा फरक असेल आणि वडिलांचं नाव, गाव, रि.स.नं. जुळत असेल तर माणूस तोच आहे हे कागदावरूनच दिसतं. असल्या वेलांटीनं प्रतिज्ञापत्र रद्द वगैरे होत नाही. प्रत्येक वेलांटीला 'ऊर्फ' लावत गेलात तर एका माणसाची पाच नावं होतील, आणि पुढच्या कागदात पाचही लिहावी लागतील. शिवाय 'ऊर्फ' म्हणजे लोक त्या माणसाला दोन्ही नावांनी ओळखतात. अण्णांना कुणी 'मारुति ह्रस्व' म्हणून हाक मारत नाही.

---

जुना_बाँडरायटर

बाई, कायदा तुमचा बरोबर असेल, पण खिडकीवर आम्ही उभे असतो. एका बँकेनं माझ्या गिऱ्हाइकाचं कर्जाचं प्रकरण 'पाटिल'च्या वेलांटीवरून दोनदा परत पाठवलंय. त्याच्या दोन खेपा झाल्या, भाडं गेलं. एक कलम जास्त टाकलं तर शाईच तेवढी जाते की. मी तर टाकतो.

---

निपाणीची_सून

नावाच्या वेलांटीवरून एवढं चाललंय, पण आमच्याकडं साध्या शब्दानं घात केला. सासूबाई गेल्यावर वारसाचं ॲफिडेव्हिट केलं. दीर, आमचे हे आणि नणंद. मसुद्यात होतं 'मयतास तीन मुले आहेत'. टाइप होऊन आलं 'मयतास तीन मुली आहेत'. एका मात्रेची वेलांटी झाली आणि दोन पुरुष माणसं उडाली! खाली नावं बरोबर होती, पण खाली दोन पुरुषांची नावं आणि वर तीन मुली असं वाचून तलाठीभाऊ म्हणाले, वहिनी, हे काय?

ते नवीन करावं लागलं. पण दुसऱ्या खेपेला दिरांनी 'मुले' हा शब्दच काढायला लावला. म्हणाले, 'मुले' म्हटलं की कुणी मुलगे समजतो, कुणी लेकरं. 'दोन मुलगे व एक मुलगी' असं लिहा. माझे दीर फार शिकलेले नाहीत, पण हे मला पटलं.

---

कोर्टाची_पायरी

दिरांना माझा नमस्कार सांगा.

तपासताना माझं लक्ष असल्या शब्दांवरच जास्त असतं. 'पुर्वेस' लिहिलं काय आणि 'पूर्वेस' लिहिलं काय, शेताची हद्द तीच राहते. मी अशुद्ध दिसलं तर सुधारते, पण त्यासाठी सही झालेला कागद परत करायला लावत नाही. 'मुले-मुली', 'दोघे-दोघी' ह्यांत मात्र माणसं बदलतात. मुखत्यारपत्रात 'माझ्या मुखत्यारास' आणि 'माझ्या मुखत्यारांस' ह्यात एका टिंबाचा फरक आहे. एकच मुखत्यार असेल तर ते टिंब आदरार्थी म्हणून खपतं. दोन मुखत्यार नेमलेले असले की भांडण सुरू, दोघांनी मिळूनच सही करायची की कुणीही एकट्यानं केली तर चालेल? टिंबावर सोडू नका. 'दोघांनी मिळून अथवा कोणीही एकट्याने' असं सरळ वाक्यात लिहा. टायपिंगवाले, पुण्याचा मसुदा आहे म्हणालात, त्यात किती मुखत्यार?

---

टायपिंगवाला_खानापूर

दोन! मारुतीअण्णा आणि त्यांचा मुलगा. आणि मसुद्यात तीन ठिकाणी 'मुखत्यारास', चार ठिकाणी 'मुखत्यारांस'. मी आत्ता मोजलं. बरं झालं विचारलं.

अजून एक गंमत. मसुद्यात 'दुसऱ्या मुखत्यार' असं बरेचदा आलंय, ते 'दुसरे मुखत्यार' करायला Find मध्ये 'दुसऱ्या' टाकलं तर दोनच सापडले. डोळ्यांनी पाच दिसतात. कॉम्प्युटर बिघडलाय काय?

---

डीटीपी_कॅम्प

बिघडला नाही. तो मसुदा जुन्या फॉन्टमधनं युनिकोडमध्ये बदललेला असणार, आणि थोडा नवीन टाइप केलेला. 'ऱ्या' दोन प्रकारे तयार होतं. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं, आत वेगळं असतं:

```
U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
U+0931 U+094D U+092F U+093E
```

पहिल्यात साधा 'र' आणि मध्ये एक न दिसणारं अक्षर आहे, दुसऱ्यात नुक्त्याचा 'ऱ'. Find एकाला शोधतो तेव्हा दुसरं त्याला दिसत नाही. ओळखायचं कसं, तर शब्द नोटपॅडमध्ये चिकटवा आणि मागून बॅकस्पेस मोजत खोडा. पहिल्या प्रकाराला एक बॅकस्पेस जास्त लागतो. मग सापडलेला शब्द मसुद्यातूनच कॉपी करून Find मध्ये टाका, हातानं टाइप करू नका. दोन्ही प्रकार वेगवेगळे शोधावे लागतील.

आणि Replace All बंद करा, हात जोडून सांगतो. नावाचं तर तुम्ही बघितलंतच. साध्या शब्दातही फसतं. मी एकदा 'वकिल' सगळीकडं 'वकील' केलं. 'वकिल' चूक, 'वकील' बरोबर, इथपर्यंत ठीक. पण 'वकिलांनी' ह्या शब्दातला 'वकिल' बरोबर होता, त्याचं 'वकीलांनी' झालं. 'पाटिल'चंही तेच. कुणीतरी 'पाटिलांनी' लिहिलेलं असतं, Replace मारल्यावर ते 'पाटीलांनी' होतं, आणि पाहिजे असतं 'पाटलांनी'. एकेक Find Next करत जायचं. दहा पानांच्या दस्ताला वीस मिनिटं जातात, जाऊ देत.

पुण्याला पाठवताना पीडीएफ पाठवा. वर्ड फाइल पाठवलीत, तिच्यात एखादा भाग जुन्या फॉन्टमध्येच राहिलेला असला आणि तिकडं तो फॉन्ट नसला, तर त्यांच्या मशीनवर तेवढ्या भागाचं नुसतं इंग्रजी चिन्हांचं कोडं दिसेल.

---

कोर्टाची_पायरी

पुण्याचा विषय निघालाच आहे तर, भावाच्या सहीनं झालेला दस्त मुखत्यारानं खानापुरात नोंदणीला हजर करायचा असेल तर नुसतं नोटरी केलेलं मुखत्यारपत्र पुरत नाही. नोंदणी कायदा कलम ३३, भाऊ राहतो त्या भागातल्या सबरजिस्ट्रारसमोर ते करून प्रमाणित व्हायला पाहिजे. म्हणजे पुण्यातच. आणि तिथं एकदा झालं की मग वेलांटी सुधारायला इथं टायपिंगवाल्याच्या दुकानात काही करता येत नाही, परत पुण्यात नवीन करावं लागतं. म्हणून सगळी तपासणी मसुद्यावरच. नावं पहाणीवरून, माणसाच्या तोंडून नको.

---

टिळकवाडी_ते_शहापूर

नोंदणी झालेल्या दस्तात चूक असली तर 'चूक दुरुस्ती पत्र' करतात ना? मग ह्यांनी ॲफिडेव्हिटचं चूक दुरुस्ती पत्र का नाही केलं? सोपं की.

---

कोर्टाची_पायरी

ते खरेदीपत्र, बक्षीसपत्र असल्या दस्तांना. दोन्ही बाजू सह्या करतात आणि त्याचीही नोंदणी होते. प्रतिज्ञापत्र एकट्याचं असतं, त्याला दुरुस्ती पत्र जोडण्यापेक्षा नवीन करणं स्वस्त आणि स्वच्छ.

---

टायपिंगवाला_खानापूर

झालं एकदाचं. अण्णा काल आले, येताना शेतातल्या शेंगा घेऊन आले, त्यामुळं मला जास्तच मेल्यासारखं झालं.

ह्यावेळी मी कागद पुढ्यात ठेवून काम केलं. डावीकडं उतारा, उजवीकडं आधार. कन्नड उतारा शेजारच्या पोरानं अक्षर-अक्षर मोठ्यानं वाचला: प, र, श, रा, म. नावं फाइलमध्ये पिवळी केली, म्हणजे हात गेलाच तर डोळ्याला कळेल. प्रिंट काढताना पिवळं काढलं. कलम तीन आता असं आहे:

"माझ्या वडिलांचे नाव पहाणी उताऱ्यात 'परशराम' असे, म्हणजे 'श' या अक्षरास उकार नसलेले, नोंद आहे. आधार कार्ड व शाळेच्या दाखल्यावर तेच नाव 'परशुराम' असे, म्हणजे 'श' या अक्षरास उकार असलेले, आहे. सदर दोन्ही नावे माझे वडील या एकाच व्यक्तीची आहेत."

नोटरींनी हे वाचलं आणि वर बघितलं. म्हणाले, "मागच्या वेळी मीच वाचायला पाहिजे होतं."

'मारुति'-'मारुती'चं कलम टाकलं नाही. बाँडरायटर अण्णा, रागावू नका, परत आलं तर तुमच्याकडंच येतो.

---

जुना_बाँडरायटर

रागावतोय कशाला. 'उकार नसलेले' हे चांगलं केलंस. आता कुणी Replace मारलं तरी ते वाक्यच बोंब मारेल.

---

मोडीचं_वेड

एक राहिलं. ऑफिस कन्नड भाषांतर मागेल. तेव्हा पोराला 'परशराम' मराठीवरून कन्नडमध्ये करायला सांगू नका. पहाणीवरचंच कन्नड नाव बघून उतरवायला सांगा. नाहीतर मराठीतून परत कन्नडमध्ये जाताना तिसरंच नाव तयार होतं.

---

जुना_बाँडरायटर

भाषांतर का द्यायचं पण? बेळगाव जिल्ह्यात मराठी कुणाला येत नाही? कलम १९ वाचा. अधिकाऱ्याला भाषा कळत नसेल आणि ती जिल्ह्यात सर्रास वापरली जात नसेल, असं दोन्ही असेल तरच भाषांतर.

---

कोर्टाची_पायरी

कलमातले शब्द तसेच आहेत, अण्णा. पण कलम १९ नोंदणीच्या दस्ताला आहे. हे ॲफिडेव्हिट वारसा लावायला महसूल ऑफिसात जातंय. तिथं कलम १९ दाखवून काय मिळणार?

---

जुना_बाँडरायटर

मुखत्यारपत्राला तर मिळेल?

---

कोर्टाची_पायरी

ते पुण्यात होतंय.

---

टायपिंगवाला_खानापूर

ऑफिसनं आत्ताच फोन केला. कन्नड भाषांतर सोमवारी आणा म्हणाले. पोराला उतारा देऊन बसवलंय, 'श' जवळ पेन्सिलीनं खूण करून ठेवलीय.